पाणी आणि पायरी

आमच्या गारखेड्याला नदी नाही. एके काळी हे शहराबाहेरचे लहानसे खेडे होते. पुढे शहर वाढत वाढत आले आणि त्याने खेडे पोटात घेतले. आज सूतगिरणीच्या चौकात उभे राहिले, तर येथे कधी शेते होती हे सांगूनही कोणाला खरे वाटत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या (आमच्या पिढीच्या तोंडी अजून औरंगाबादच्या) या भागात पाणी येते ते नळाने, आणि तेही ठरलेल्या दिवशी. ते गोदावरीचे असते. पैठणच्या जायकवाडी धरणातून ते वर चढवून आणतात. त्यामुळे गोदावरीशी आमचा संबंध रोजचा आहे, परंतु तिचे दर्शन मात्र आमच्यापैकी पुष्कळांना कोणी गेल्यावरच घडते.

माझेही तसेच झाले. मी नाशिकचा गोदाघाट पहिल्यांदा पाहिला तो सहा-सात वर्षांचा असताना. आजोबांच्या अस्थी घेऊन वडील निघाले होते आणि मी हट्ट करून त्यांच्याबरोबर गेलो होतो. महिना भाद्रपदाचा. गढूळ पाणी रामकुंडाच्या कठड्यांवरून वाहत होते. वडील वरच्याच एका पायरीवर गुडघाभर पाण्यात उभे राहिले आणि मला त्यांनी आणखी दोन पायऱ्या वर बसवून, "जागचा हलू नकोस" असे बजावले. त्या पायरीच्या भिंतीत एक रिकामा कोनाडा होता. त्यात कोणी तरी पणती लावून ठेवली होती. तो कोनाडा माझ्या ध्यानात राहिला.

दुसऱ्यांदा गेलो तो वडिलांच्या अस्थी घेऊन, २०१६ च्या चैत्रात. कोनाडा मी शोधून काढला. पण वडील ज्या पायरीवर उभे राहिले होते ती खडखडीत कोरडी होती, आणि तिच्या खालच्याही साऱ्या पायऱ्या कोरड्या होत्या. त्या वर्षी रामकुंडच आटले होते. पाडव्याच्या स्नानासाठी त्यात टँकरने पाणी आणून ओतले होते. गुरुजींनी मंत्र म्हटले, मी वाकलो आणि टँकरच्या पाण्यात वडिलांच्या अस्थी सोडल्या. परत येताना गाडीत आई एवढेच म्हणाली, "त्यांना गंगेत सोडलं, असं म्हणायचं ना आपण?"

या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. तेव्हापासून शाळेच्या सुट्ट्यांत मी चार-सहा वेळा नाशिकला गेलो आणि एखादी जुनी पोथी लावावी तसा तो घाट लावण्याचा प्रयत्न केला. मी इतिहाससंशोधक नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, मुलांना शिकवणारा आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा मनुष्य. परंतु घाट वाचायला संस्कृत किंवा मोडी यावी लागत नाही. चार ऋतूंत चार वेळा तेथे जाऊन बसावे लागते.

⁂

प्रथम नदीचा स्वभाव ध्यानात घेतला पाहिजे. नाशिकची गोदावरी म्हणजे राजमहेंद्रीची विशाल गोदावरी नव्हे. त्र्यंबकच्या डोंगरातून निघून ती येथे पोहोचते तेव्हा जेमतेम सात-आठ कोस चाललेली असते. हिमालयातल्या नद्यांना उन्हाळ्यात बर्फाचे पाणी मिळते. हिला फक्त पावसाचा आधार. म्हणून आषाढ-श्रावणात ती उरावर घेऊन जाईल अशी फुगते आणि वैशाखात काळ्या खडकातून वाट काढणारा एक ओहळ उरतो. एकच नदी, पण वर्षातून तिची चार रूपे. नाशिकच्या घाटाची सारी रचना या चार रूपांना धरून झालेली आहे, असे माझे मत आहे. पायऱ्या एका पाण्यासाठी, कुंडे दुसऱ्या पाण्यासाठी आणि देवळे तिसऱ्यासाठी.

पंचवटीशी येऊन ही नदी एकाएकी दक्षिणेकडे वळते. दक्षिणवाहिनी नदी विशेष पवित्र, अशी आपली जुनी समजूत आहे. वळणामुळे पाण्याचा वेग बदलतो, एक काठ खातो, दुसरा भरतो आणि मनुष्याला उतरायला जागा मिळते. पावित्र्य आणि सोय ही दोन्ही तेथे एकाच ठिकाणी सापडली. आधी कोणती सापडली हा वाद मी घालत नाही. रोज घागर घेऊन उतरणाऱ्या बाईला तो कधीच पडला नसेल.

आता कुंडे पाहू. बाहेरगावचा मनुष्य रामकुंड हे काठावरचे एखादे तळे समजतो. वास्तविक ते नदीच्या पात्रातच आहे. पात्रातल्या खडकात खोलगट जागा साधून, भोवती दगडी भिंती आणि पायऱ्या बांधून, वाहत्या पाण्याला दोन घटका थांबवून धरण्याची ही युक्ती आहे. रामकुंड सुमारे त्र्याऐंशी फूट लांब आणि चाळीस फूट रुंद. ते १६९६ साली चित्रराव खटारकर यांनी बांधले आणि पुढे माधवराव पेशव्यांच्या मातोश्री गोपिकाबाई यांनी त्याची दुरुस्ती केली, अशी नोंद आहे. उतारवयात गोपिकाबाई नाशिककडेच राहत होत्या. तेव्हा हे काम नुसत्या दानधर्माचे नव्हते, रोज डोळ्यांसमोर दिसणाऱ्या पडझडीची ती डागडुजी होती.

रामकुंडाप्रमाणेच सीताकुंड, लक्ष्मणकुंड, धनुष्यकुंड, अहिल्याकुंड, दशाश्वमेध अशी कुंडांची एक माळच पात्रात ओवलेली आहे. एकातून ओसंडलेले पाणी दुसऱ्यात जाते. पावसाळ्यात या कुंडांना काही अर्थ नसतो. ती सारी पुराखाली जातात. त्यांचे काम सुरू होते ते नदी बारीक झाल्यावर. प्रवाह आटला तरी कुंडात पाणी राही, कारण तळाच्या खडकाला भेगा होत्या आणि त्या भेगांतून झरे लागत. काळ्या पाषाणाचा गुणच असा आहे, की दगड पाणी पीत नाही, पण त्याच्या सांध्यांतून ते वाट काढते. म्हणजे कुंड हे वरून नदीचे भांडे आणि खालून विहीर. चैत्र-वैशाखातही यात्रेकरूला स्नान घडावे आणि काठच्या घराला पाणी मिळावे, ही दोन्ही कामे एकाच बांधकामाने केली.

रामकुंडातली एक जागा अस्थिविलय तीर्थ म्हणून ओळखली जाते. तेथे सोडलेल्या अस्थी पाण्यात विरून जातात अशी श्रद्धा आहे. या श्रद्धेमुळे महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून माणसे मडकी घेऊन येतात. अस्थी तर ज्येष्ठातही येतात आणि पौषातही येतात; मृत्यू काही पाऊसपाणी पाहून येत नाही. तेव्हा ज्या तीर्थाने बारा महिने हे काम करायचे, त्याला बारा महिने पाणी हवे. श्रद्धेने कुंडाकडून ही मागणी केली आणि बांधणाऱ्याने खडकातला झरा शोधून ती पुरवली, असा या गोष्टीचा उलगडा मला होतो.

⁂

पायरीची गोष्ट निराळी. जुन्या पायरीकडे ओणवे होऊन पाहावे. ती वीतभर उंच आणि हातभर रुंद असते, म्हणजे चढायला सोपी आणि बसायला ऐसपैस. जिच्यावरून माणसे चढउतार करतात ती मध्यभागी झिजते आणि खोलगट होते. जिच्यावर पिढ्यान् पिढ्या धुणे आपटले ती कडेला झिजते आणि पाण्याकडे कलते. जिच्यावर नुसते बसायचे काम झाले ती सगळीकडून सारखी गुळगुळीत होते, पण तिची कड शाबूत असते. ही तीन प्रकारची झीज ओळखता आली, की कोणती जागा वाटेची, कोणती धुण्याची आणि कोणती गप्पांची हे कोणाला न विचारता कळते. मी शाळेच्या मुलांना एकदा हे दाखवले. एका मुलीने लगेच विचारले, "गुरुजी, धुण्याची पायरी खाली का? वर का नाही?" उत्तर तिनेच शोधले. धुण्याचे मळके पाणी स्नानाच्या जागेकडे जाता कामा नये, म्हणून धुणे प्रवाहाच्या खालच्या अंगाला. ही शिस्त कोठे लिहिलेली नाही. ती झिजेतच लिहिलेली आहे.

पाणी उतरू लागले, की मोकळ्या झालेल्या पायऱ्या आणि पटांगणे माणसे ताब्यात घेतात. काठावर बुधवारचा बाजार भरतो. जेथे श्रावणात भोवरा फिरत होता तेथे कार्तिकात मेथीच्या जुड्या रचलेल्या दिसतात. वैशाखात यशवंतराव महाराजांच्या पटांगणावर वसंत व्याख्यानमाला चालते. ती १९२२ पासून चालत आलेली आहे. हे यशवंतराव महाराज म्हणजे सटाण्याचे मामलेदार. दुष्काळात सरकारी खजिना त्यांनी लोकांना वाटला, म्हणून लोकांनी त्यांना देवमामलेदार केले. १८८७ साली ते वारले आणि त्यांची समाधी या काठावर झाली. नदी आटते त्या महिन्यात, दुष्काळात धावून आलेल्या मनुष्याच्या दारी लोक व्याख्याने ऐकायला बसतात. हे कोणी योजून केलेले नाही. उन्हाळ्यात काठ मोकळा आणि संध्याकाळी तेथे वारा, एवढेच त्याचे कारण. परंतु अशा साध्या कारणांनीच घाट घडत जातो.

⁂

देवळांकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती वगळून घाटाचा इतिहास सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. पायरी सर्वांना सारखी नव्हती. कोणी कोठे उतरावे, कोणाच्या घागरीने कोणाचे पाणी बाटते, याचे नियम दगडाहून कठीण होते. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. हजारोंची मिरवणूक शिस्तीने मंदिरापाशी गेली. दारे बंद होती. तेव्हा ती मिरवणूक वळली आणि गोदावरीच्या घाटावर येऊन तिची सभा झाली.

मिरवणूक घाटावरच का आली, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. देवळाला दार असते आणि दाराला कडी असते. घाटाला दार नसते. हजारो माणसांना एकत्र बसता येईल अशी गावातली ती एकच उघडी जागा. ज्यांना पायरीवरून उठवले जात असे, तेच त्या दिवशी पायरीवर बसले. पुढे चैत्रात रामाचा रथ निघाला तेव्हा झटापट झाली, सत्याग्रह वर्षानुवर्षे रेंगाळला आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी जवळच्याच येवल्याला बाबासाहेबांनी, आपण हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले. घाटावर या सभेची झीज शोधून सापडणार नाही. एका दिवसाने दगड झिजत नाही. म्हणून दगड वाचताना ही मर्यादा ओळखून असावे. दगड सवय सांगतो. ज्यांना सवय लागू दिली नाही त्यांच्याविषयी तो गप्प असतो.

⁂

तिसरे पाणी पुराचे. त्याचे मोजमाप देवळांकडे आहे. काठावर उंच तटाच्या आत नारोशंकराचे देऊळ आहे. नारोशंकर राजेबहाद्दरांनी ते १७४७ साली बांधले. तटाच्या नदीकडच्या बाजूला एक प्रचंड घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७२१ हे साल आहे आणि ती वसईच्या पोर्तुगिजांकडून जिंकून आणलेली, असे सांगतात. गिरिजाघराची घंटा महादेवाच्या दारी आली आणि नाशिककरांनी तिला नदीच्या कामाला लावले. महापुराचे पाणी कोठवर आले याच्या आठवणी जुनी माणसे या घंटेच्या हिशेबाने सांगतात.

परंतु पुराचा खरा कारकून म्हणजे दुतोंड्या मारुती. रामकुंडाजवळ पात्रातच तो उभा आहे. त्याला दोन तोंडे आहेत, म्हणून हे नाव. पाणी त्याच्या घोट्याला लागले, गुडघ्याला लागले, कमरेला आले, गळ्याशी आले, अशा भाषेत नाशिकमध्ये पूर मोजतात. गंगापूर धरणातून किती क्यूसेक पाणी सोडले हे आता आकड्यांत जाहीर होते; पण भांडीबाजारातला दुकानदार आकडा ऐकून विचारतो, "मारुती किती बुडाला?" कारण मारुतीच्या कमरेचा अर्थ त्याला ठाऊक आहे, खालच्या फळीवरचा माल वर घ्यायचा. गळ्याचा अर्थ, दुकान सोडायचे. २००८ च्या सप्टेंबरात आणि २०१९ च्या ऑगस्टात तो मारुती दिसेनासा झाला होता.

पात्रातल्या लहान देवळांची बांधणी पाहिली, म्हणजे बांधणाऱ्यांनी पूर गृहीत धरला होता हे कळते. ती बुटकी आणि भरीव आहेत. घडीव दगड एकमेकांत बसवलेले, लाकूड जवळजवळ नाही. ती बुडतात, गाळाने भरतात आणि पाणी ओसरले की पुजारी गाळ उपसून पुन्हा दिवा लावतो. बुडणे हा त्यांच्या आयुष्याचा भाग आहे. उलट जे देव बुडू नयेत ते वर आहेत. नंदी नसलेला कपालेश्वर उंच पायऱ्या चढून गेल्यावर भेटतो आणि काळाराम तर गावात आहे. म्हणजे कोणत्या देवाने किती पाणी सोसायचे हेही ठरलेले.

⁂

एवढे वाचून झाल्यावर २०१६ च्या चैत्रातला तो प्रसंग मला उलगडू लागला. पाऊस कमी झाला होता हे खरे, धरणात पाणी नव्हते हेही खरे. पण दुष्काळ नाशिकने पूर्वी का पाहिले नव्हते? कुंडे तेव्हाही होतीच. फरक तळाशी झाला होता. २००३ च्या सिंहस्थाच्या तयारीत पात्रात आणि कुंडांच्या तळाशी काँक्रीट ओतले गेले. हेतू वाईट नव्हता. लाखो माणसे उतरणार, कोणाचा पाय खळग्यात जाऊ नये, गाळ काढायला सोपे जावे, असा विचार असणार. परंतु त्या काँक्रीटने खडकाच्या भेगा बुजल्या आणि भेगांबरोबर झरे बुजले. कुंड पूर्वी खालून विहीर होते. आता ते नुसते भांडे झाले. भांड्यात कोणी ओतील तेव्हा पाणी. धरणातून सोडले तर धरणाचे, नाही तर टँकरचे.

हे ओळखावे कसे? अगदी सोपी परीक्षा आहे. कुंड उपसून रात्रभर तसेच ठेवावे. जिवंत कुंडात पहाटेपर्यंत तळाशी नितळ पाणी जमते आणि ते हाताला गार लागते. मेलेल्या कुंडात वरून आलेले पाणीच तेवढे असते; ते उन्हाने तापते, हिरवे होते आणि त्याला वास येतो. नाशिकच्या काही नागरिकांनी ही गोष्ट लावून धरली, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि पुढे काही कुंडांतले काँक्रीट फोडण्याचे काम हाती घेतले गेले. परंतु फोडणे ओतण्याइतके सोपे नसते. दणके फार बसले तर खालचा जुना दगड आणि झऱ्याची वाट दोन्ही दुखावतात. शिवाय आसपासच्या वस्तीत विंधनविहिरींनी भूजल खाली गेले असेल, तर भेग मोकळी होऊनही पाणी वर येईलच असे नाही.

नव्या घाटांविषयीही हेच. सिंहस्थासाठी बांधलेल्या पायऱ्या सरळ, सारख्या आणि लांबलचक आहेत. गर्दीला त्यांची गरज आहे, हे २००३ साली अरुंद वाटेवर झालेल्या चेंगराचेंगरीने दाखवून दिले. त्यांना नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. पण त्या बारा वर्षांतून येणाऱ्या एका दिवसासाठी आहेत आणि जुन्या पायऱ्या रोजच्या दिवसासाठी होत्या. रामकुंडापाशी सिंहस्थापुरतेच उघडणारे गंगेचे देऊळ आहे. बाकीची वर्षे त्याचे दार बंद असते. देवळाचे तसे चालते. घाटाला बंद राहून चालत नाही.

⁂

गेल्या वर्षी मी पुन्हा गुरुजींकडे गेलो होतो. त्यांच्याकडे पिढ्यान् पिढ्यांच्या नामावळ्या आहेत. गाव आणि आडनाव सांगितले की लाल कापडात बांधलेला चोपडा निघतो. त्यांनी आमचे पान काढले. आजोबांच्या हातची मोडी सही, त्याखाली वडिलांची सही, त्याखाली माझी. माझ्या सहीपुढे तिथी होती, पण त्या वर्षी पाणी कसे होते हे लिहिलेले नव्हते. मी विचारले, "गुरुजी, पाण्याची नोंद ठेवत नाही?" ते हसले. म्हणाले, "मास्तर, पाणी असणारच हे धरून आमच्या वाडवडिलांनी चोपडा सुरू केला. त्याला रकाना कशाला?" मी त्यांच्याकडून टाक मागून घेतला आणि माझ्या सहीच्या बाजूला लिहिले, 'या वर्षी कुंड कोरडे, पाणी टँकरचे.' त्यांनी मना केले नाही.

आता पावसाळ्यात आमच्या घरी एक नवीन रिवाज पडला आहे. आई सकाळी वर्तमानपत्र हातात येताच विचारते, "मारुती किती बुडाला रे?" नाशिकला पाणी चढले, की चार दिवसांत ते नाथसागरात येते आणि नाथसागर भरला म्हणजे गारखेड्याचा नळ पुढचे वर्षभर चालतो. नाशिकचा दुकानदार ज्या बातमीने माल आवरू लागतो, त्याच बातमीने आम्ही निर्धास्त होतो. दुतोंड्या मारुतीचे एक तोंड तिकडे आणि एक आमच्याकडे आहे, असे मला त्या वेळी वाटते. आईच्या त्या जुन्या प्रश्नाला मी अजून उत्तर दिलेले नाही. मात्र मागच्या श्रावणात नळाचे पहिले गढूळ पाणी आले, तेव्हा तिने ते ओतून दिले नाही. तांब्यात घेतले, तुळशीला घातले आणि वडिलांचे नाव घेतले.